बोरॉनच्या समस्थानिकांची साक्ष

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1993 साली इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या एका मिश्रधातूत सुमारे 12 केल्व्हिन तापमानाला अतिसंवाहकतेची खूण दिसली. चुंबकीय मापनात मात्र नमुन्याचा अल्पसा अंशच अतिसंवाहक असल्याचे आढळले. हा भेद महत्त्वाचा होता. नमुन्यातून अतिसंवाहक द्रव्याचा एक बारीक धागा आरपार गेला, तरी सारा प्रवाह त्यातूनच वाहतो आणि रोध शून्य भरतो. चुंबकीय क्षेत्र बाहेर घालवावयाचे तर द्रव्याचा बहुतांश भाग अतिसंवाहक असावा लागतो.

या दोन्ही गुणांचे मूळ बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी 1957 साली उलगडले. धातूतून जाणारा इलेक्ट्रॉन भोवतालच्या धन आयनांना स्वतःकडे ओढतो. आयन जड असल्यामुळे ते सावकाश पूर्वस्थानी येतात, आणि तोवर इलेक्ट्रॉन दूर निघून गेलेला असतो. मागे राहिलेल्या धन भाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन आकर्षिला जातो. परस्परांना दूर लोटणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमते ती या विलंबामुळेच. अशा असंख्य जोड्या एकाच सामायिक अवस्थेत राहतात. एखादी जोडी फोडण्यास ठराविक ऊर्जा लागते. ती न मिळाल्यास जालकातील दोष वा कंपने एकट्या जोडीला प्रवाहातून बाजूला काढू शकत नाहीत, म्हणून रोध उरत नाही. तीच सामायिक अवस्था चुंबकीय क्षेत्रातही सहसा विस्कटत नाही. परिणामी पृष्ठभागाच्या अतिशय पातळ थरात प्रवाह सुरू होतात व आतील क्षेत्र नाहीसे करतात. केवळ शून्य रोध असता, तर थंड होण्यापूर्वी आत असलेले क्षेत्र तसेच अडकून पडले असते. ते बाहेर टाकले जाते, हे माइस्नर व ओक्सेनफेल्ड यांनी 1933 सालीच दाखविले होते.

जालकाचा हा सहभाग कशावरून मानावयाचा? 1950 साली पाऱ्याच्या समस्थानिकांवर झालेल्या प्रयोगांनी त्याचे उत्तर दिले. सरासरी अणुभार 199.5 वरून 203.4 केला असता संक्रमण-तापमान 4.185 वरून 4.146 केल्व्हिनवर उतरले. जड अणू मंद कंप पावतात. तापमान अणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि हे आकडे त्या नियमाशी जवळजवळ जुळतात.

मुंबईतील कोड्याची उकल कार्बनमध्ये सापडली. मिश्रणात कार्बन घालताच संपूर्ण नमुना अतिसंवाहक झाला, आणि नागराजन, गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1994 साली प्रसिद्ध केले. निकेल हा एरवी चुंबकीय धातू. त्याने जोड्या मोडाव्यात, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. या संयुगात मात्र त्याचे चुंबकत्व लोपलेले असते. पुढे शुद्ध संयुगात, म्हणजे YNi₂B₂C मध्ये, संक्रमण-तापमान 15 केल्व्हिनच्या वर गेले. त्यातील बोरॉन-11 च्या जागी हलका बोरॉन-10 घातला असता ते आणखी वाढले. परंतु पाऱ्यात आढळणारा घातांक अर्धा, तर येथे तो सुमारे पावच भरला. जोडी जमविण्याच्या कामी एकटा बोरॉन नसून इतर अणूंची कंपनेही वाटेकरी आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.