चार हात, चोवीस नावे

संध्येच्या आचमनात केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे भराभर उच्चारली जातात. त्या प्रत्येक नावाची दगडातली मूर्ती वेगळी असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. चोवीसही मूर्ती एकसारख्याच ताठ, दोन्ही पायांवर समान भार देऊन उभ्या. मुकुट तोच, मुद्रा तीच, पायाशी गरुड तोच. चार हात आणि त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म हेच चार जिन्नस. फरक एवढाच की कोणती वस्तू कोणत्या हातात आहे. चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे ठेवता येतात. म्हणून मूर्ती चोवीस.

ही योजना इतकी नेटकी आहे की ती पहिल्यापासून अशीच असेल असे वाटते. तशी ती नव्हती.

वासुदेवाची आपल्याला ठाऊक असलेली अगदी जुनी चित्रे चांदीच्या नाण्यांवर आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अगाथोक्लीस या ग्रीक राजाने ती पाडली आणि 1970 साली अफगाणिस्तानात आय-खानूमच्या उत्खननात ती सापडली. एका बाजूला नांगर नि मुसळ घेतलेला संकर्षण, दुसऱ्या बाजूला चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव. दोघांना दोन-दोनच हात. चेहऱ्यावरून हे भाऊ ओळखणे अशक्य, म्हणून वस्तू. वाहन आले ते आधी ध्वजावर: त्याच सुमारास विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला. तो खांब आजही उभा आहे.

पुढे कुषाणकाळात मथुरेच्या कारागिरांनी देवाला चार हात दिले. वरच्या दोन हातांत गदा आणि चक्र, खालचा उजवा अभय देणारा, खालच्या डाव्यात कुपीसारखी वस्तू किंवा शंख. कमळ कुठेच नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत चतुर्भुज विष्णू सांगितला आहे, तोही असाच: उजवीकडे एक हात अभयाचा व दुसऱ्यात गदा, डावीकडे शंख आणि चक्र. त्याच्याआधी, 401-402 सालच्या उदयगिरीच्या सहाव्या लेण्यात तर देवाचे खालचे हात गदा आणि चक्र यांच्या मानवरूपांवर टेकलेले आहेत. आयुधे स्वतःच स्त्री-पुरुष होऊन शेजारी उभी आहेत.

कुळकथेतला कळीचा मुद्दा इथे आहे. अभयाचा हात मोकळा असेपर्यंत चार हातांत तीनच वस्तू राहतात आणि चोवीसांचा हिशेब जमत नाही. कमळ चौथी वस्तू म्हणून पक्के झाल्यावरच क्रमाला अर्थ आला. नावे मात्र त्याआधीची होती. पांचरात्र पंथात वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न, अनिरुद्ध हे चार व्यूह मानत. त्यांच्यापासून केशवादी बारा रूपे निघाली व ती बारा महिन्यांना वाटून दिली गेली. त्यांत आणखी बारांची भर पडून चोवीस झाली. नावांची यादी आणि हातांची मांडणी अशा दोन वेगळ्या गोष्टी मग एकमेकींत बसवल्या गेल्या. अग्निपुराणात आणि पद्मपुराणात तशा याद्या आहेत. अकराव्या शतकात पाटणच्या राणी की वावेत ही रूपे भिंतीच्या कोनाड्यांतून उभी राहिली, तर पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेल्या सूत्रधार मंडनाने आपल्या रूपमंडनात त्यांची मोजदाद करून ठेवली. अलीकडच्या काळात गोपीनाथ राव यांनी 1914 पासून निघालेल्या आपल्या ग्रंथात याद्यांची कोष्टके करून दिली. मराठी वाचकाला हे शास्त्र ग. ह. खरे यांच्या ‘मूर्तिविज्ञान’मुळे हाताशी आले.

वाचायची रीत अशी. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, तिथून उजवा वरचा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. म्हणजे प्रदक्षिणाच. देवाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. छपाईत फोटो उलटा लागला तरी देवाचे नाव बदलते. रत्नागिरी जिल्ह्यात कोळिसऱ्याला लक्ष्मीकेशवाची काळी मूर्ती आहे. तिच्या हातांत या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आहेत, आणि यादीतही केशवाचा क्रम हाच. गावाने ठेवलेले नाव आणि शास्त्राने दिलेले नाव इथे जुळते. सगळीकडे जुळत नाही; पुष्कळ गावांत त्रिविक्रमाच्या क्रमाची मूर्ती सुखाने नारायण म्हणून पुजली जाते, आणि त्यात बिघडत काही नाही.

आता एक भंगलेली मूर्ती घेऊ. वरच्या उजव्या हातात चक्र, वरच्या डाव्यात शंख शाबूत आहे. खालचे दोन्ही हात मनगटापासून गेले आहेत. उरल्या गदा आणि पद्म. खालच्या उजव्या हातात गदा असेल तर हा माधव, पद्म असेल तर जनार्दन. तिसरी शक्यता नाही. मग पायाशी पाहायचे. गदा लांब असते, तिचे टोक बहुधा पावलाजवळ टेकलेले असते आणि हात तुटला तरी दांड्याचा तुकडा किंवा पाठशिळेवरचा व्रण राहतो. तो व्रण डाव्या पायाच्या बाजूला दिसला तर गदा डावीकडे, म्हणजे जनार्दन. एकच हात गेला असेल तर कोडेच उरत नाही, चौथी वस्तू आपोआप ठरते.

झिजेने फसगत होते ती चक्र आणि कमळ यांच्यात. दोन्ही गोल, दोन्हींना पाकळ्या किंवा आरे. चक्र बहुधा बोटांवर किंवा कडेने धरलेले असते. कमळ पुष्कळदा छोटे, वर देणाऱ्या तळहातातच कोरलेले, सोबत कधी जपमाळ. दोन्ही हातांत पूर्ण उमललेली कमळे आणि पायांत बूट दिसले तर विष्णूचा नादच सोडावा, तो सूर्य आहे. त्याच्या पीठावर सात घोडे असतात.

याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही सांगायला हवे. काही रूपांच्या बाबतीत पुराण एक क्रम सांगते आणि शिल्पग्रंथ दुसरा, म्हणून नाव सांगताना कोणत्या ग्रंथाप्रमाणे ते सांगणेच प्रामाणिक. दक्षिणेतल्या ज्या मूर्तींचा खालचा हात अभयाचा किंवा कमरेवर आहे त्यांना हे कोष्टक लावूच नये. मथुरेच्या कुषाण विष्णूला ‘हा चोवीसांतला अमुक’ म्हणणारे लेखही मी वाचले आहेत. ती निव्वळ हौस आहे. आपला पंढरीचा विठोबा तर दोनच हातांचा, तेही कटेवर. शंख आणि कमळ त्याच्याकडे आहेत, पण क्रमाच्या या गणितात तो बसत नाही.

देवस्थानच्या विश्वस्तांना एक विनंती. मूर्तीचा हात भंगला आणि तो नव्याने घडवायचा किंवा लेप द्यायचा ठरले, तर आधी वस्त्रे उतरवून चारही हातांचे आणि पायाजवळच्या व्रणांचे फोटो काढा, उरलेल्या वस्तू क्रमाने लिहून ठेवा आणि मगच कारागिराला बोलवा. त्याने गदेच्या जागी पद्म बसवले तर मूर्ती दुरुस्त होईल, पण जनार्दनाचा माधव होईल.