गोल्ड प्रत आणि पहिल्या दिवसाचं ठिगळ

शिरूर किंवा दौंडला राहणारा एखादा मुलगा पुण्यात जाऊन गेमची डिस्क विकत घेतो, एसटीने घरी येतो, कन्सोलमध्ये डिस्क घालतो आणि पडद्यावर सूचना येते, अपडेट डाउनलोड करा. घरात मोबाइलचाच डेटा असेल तर त्या रात्री खेळ काही होत नाही. आजच बाजारात आलेल्या वस्तूला आजच दुरुस्ती कशाला, हा त्याचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो.

तर, डिस्क आजची नसते. ती कित्येक आठवडे आधीची असते. गेम 'गोल्ड' झाला असं कंपनी जाहीर करते, तेव्हा डिस्कवर जाणारी मूळ प्रत ठरलेली असते. ही प्रत कन्सोलवाल्या कंपनीच्या परीक्षेतून जाते. सेव्ह नीट होतं का, कंट्रोलर निघाला तर काय होतं, यंत्र अडकतं का, असं तिथे तपासतात. गेम चांगला आहे की नाही, हे तिथे कोणी बघत नाही. मग छपाई, खोकी, वाहतूक. तेवढ्या काळात प्रोग्रॅमर जे दुरुस्त करतात, ते पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये येतं.

'सायबरपंक 2077'चं बघा. 5 ऑक्टोबर 2020ला तो गोल्ड झाला आणि 19 नोव्हेंबरला येणार होता. पण 27 ऑक्टोबरला तारीख 10 डिसेंबरवर ढकलली. कारण कंपनीनेच सांगितलं, की पॅचच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज चुकला. म्हणजे डिस्क पक्की झाली होती, गेम नव्हता! जुन्या प्लेस्टेशन 4वर तो इतका वाईट चालला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत आला तो जून 2021मध्ये.

आता ठाऊक असलेले बग का सोडतात? प्रत्येक बगची नोंद होते, तो किती गंभीर आहे ते ठरतं, आणि शेवटच्या आठवड्यांत रोज बैठक बसते. तिथे प्रश्न एवढाच असतो, की हा दुरुस्त करताना दुसरं काय मोडेल? कारण एक ओळ बदलली तरी पुन्हा सगळं तपासावं लागतं. टोपी भिंतीतून आरपार दिसते, असा बग मग जाणूनबुजून राहू देतात. यात आळस असतोच असं नाही.

पण कधी कधी गंभीर बगसुद्धा राहतो, आणि तो पैशामुळे. कॅनडातल्या पॉलिट्रॉन या छोट्या कंपनीचा 'फेझ' एप्रिल 2012मध्ये एक्सबॉक्स 360वर आला. त्या यंत्रावर दुरुस्तीला 'टायटल अपडेट' म्हणत. मूळ गेम तसाच राहतो, अपडेटची वेगळी फाइल त्याच्यावर बसते. नको म्हटलं तरी जुना गेम चालतो, पण ऑनलाइन सेवेतून बाहेर पडावं लागतं.

त्या जूनमध्ये 'फेझ'चं अपडेट आलं. बरेच बग गेले, पण काही जणांची सेव्ह फाइलच निकामी झाली. तेही गेम पूर्ण केलेल्यांची किंवा संपवत आणलेल्यांची! अपडेट काही तासांतच मागे घेतलं. आता नवीन अपडेट करायचं, तर पुन्हा मायक्रोसॉफ्टची परीक्षा आणि तिची फी. पहिलं अपडेट फुकट होतं, पुढच्याला, पॉलिट्रॉनच्या म्हणण्याप्रमाणे, हजारो डॉलर. त्यांनी हिशेब मांडला: सेव्ह जाणारे एक टक्क्याहून कमी, बाकीच्यांना तेच अपडेट हवंय. म्हणून जुलैमध्ये त्यांनी तेच अपडेट, त्या बगसकट, परत लावलं.

ज्याची सेव्ह गेली त्याच्या बाजूने आम्ही उभे राहू. पण फी नसती तर हा प्रश्नच आला नसता, हेही खरं. संगणकावर अशी फी नव्हती. मायक्रोसॉफ्टनेही 2013मध्ये अपडेटची फी बंद केली. परीक्षा मात्र राहिली, आणि प्रत्येक यंत्राची वेगळी. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट 2020ला आधी स्विचवर आला, बाकीच्या यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. छोट्या चमूला एका वेळी एकच यंत्र सांभाळणं किती सोयीचं, याची कल्पना यावरून करा.

फी गेल्याने अपडेट सोपं झालं, तसं सोडून देणंही सोपं झालं, असं आमचं मत आहे. 'नंतर पाठवू' म्हणता येतं. त्याची किंमत मग नेट नसलेल्या घरात मोजली जाते. त्या शिरूरच्या मुलाने एक करून बघावं. प्लेस्टेशन 4वर नेट बंद करून डिस्क घालावी आणि गेमच्या माहितीत आवृत्तीचा आकडा बघावा. बहुधा 1.00 असेल. पैसे देऊन हातात आलेला गेम तेवढाच. पुढचं सगळं डाउनलोड.