आकृतिसंदर्भ (चित्र पाहता येत नसताना)

पाठ्यपुस्तकातील आकृतीचे छायाचित्र हरवले, पुसट झाले किंवा पाहता येईनासे झाले, तर पृष्ठ, आकृतीखालची ओळ आणि भोवतालचा मजकूर यांच्या आधारे ती आकृती निश्चित करण्याची पद्धत. जुन्या वह्या, टिपणे आणि शंकांचे कागद वाचताना तिची गरज पडते, कारण ‘शेजारच्या चित्रात पाहा’ एवढेच लिहिलेले असते आणि ते चित्र आता शेजारी नसते.

तिन्ही खुणांपैकी पृष्ठक्रमांक सर्वांत कच्चा. पुनर्मुद्रणात किंवा नव्या आवृत्तीत तो सरकू शकतो, म्हणून आवृत्तीचा उल्लेख नसेल तर त्याचा उपयोग केवळ अंदाजापुरता. आकृतीचा क्रमांक अधिक टिकाऊ असतो. मात्र कागदावर उरलेला आकडा नेमका कशाचा आहे, हे आधी ठरवावे लागते. नेमके इथेच बहुतेकांचे चुकते.

फाइनमन, लेटन आणि सँड्स यांच्या भौतिकीवरील व्याख्यानांचे तीन खंड (१९६३ ते १९६५) हे याचे चांगले उदाहरण. या ग्रंथात पृष्ठांची मोजणी प्रत्येक प्रकरणात नव्याने सुरू होते. त्यामुळे पहिल्या खंडाच्या ३७व्या प्रकरणात ‘३७-२’ नावाचे एक पान आहे, त्याच नावाचा एक उपविभाग आहे आणि त्याच नावाची एक आकृतीही आहे. पण या तिघांचा विषय एक नाही. उपविभाग ३७-२ बंदुकीच्या गोळ्यांच्या प्रयोगाचा आहे आणि त्याची आकृती ३७-१ आहे. आकृती ३७-२ मात्र पाण्यावरील लाटांची असून ती पुढच्या उपविभागात मोडते. क्रमांकांतला हा फरक पुढेही त्रास देतो.

समजा, टिपणात एवढेच उरले आहे : ‘फाइनमन ३७-२, दोन भोके, तिसऱ्या भागातला वक्र ही पहिल्या दोघांची सरळ बेरीज कशी?’ आकडा आकृतीचा मानला, तर आपण लाटांच्या चित्रावर जातो, आणि तिथे सरळ बेरीज होतच नाही. तेव्हा शंकाच निरर्थक ठरते, आणि आपण चुकीच्या चित्रावर आलो आहोत याची ही पहिली खूण. आकृतीखालच्या ओळीही फारशा उपयोगी पडत नाहीत. पहिल्या तीन आकृत्यांखाली जवळजवळ तीच ओळ आहे : व्यतिकरणाचा प्रयोग, एकदा गोळ्यांनी, एकदा लाटांनी, एकदा इलेक्ट्रॉनांनी. शेवटचा शब्द टिपणात नसेल, तर ओळ मिळूनही निर्णय होत नाही.

मग मजकुराकडे वळावे. लाटांसाठी तिथे तीव्रता मोजली आहे आणि तिचे अक्षर `I` आहे. गोळ्या व इलेक्ट्रॉन यांच्यासाठी संभाव्यता, म्हणजे `P`. गोळ्यांच्या उपविभागात वाळूची पेटी हा शोधक आहे, इलेक्ट्रॉनांच्या उपविभागात तापवलेली टंगस्टनची तार आणि शोधकाच्या प्रत्येक नोंदीगणिक होणारी टिकटिक आहे. टिपणातील ‘सरळ बेरीज’ म्हणजे `P₁₂ = P₁ + P₂`. मूळ तीन प्रयोगांपैकी हे समीकरण फक्त गोळ्यांना लागू पडते. म्हणून ‘३७-२’ हा उपविभागाचा क्रमांक आणि हवी असलेली आकृती ३७-१. मात्र टिपणात दिव्याचा उल्लेख असता, तर उत्तर बदलले असते. त्याच प्रकरणात पुढे इलेक्ट्रॉनांवर प्रकाश टाकून ते कुठल्या भोकातून गेले हे पाहिले जाते आणि तिथेही बेरीज सरळ होते.

आणखी एक वळण लक्षात ठेवावे लागते. हेच प्रकरण तिसऱ्या खंडाच्या आरंभी पुन्हा छापले आहे आणि तिथे गोळ्यांची आकृती १-१ होते. पहिला खंड हाताशी नसलेल्याला तिसरा चालतो, पण संदर्भात खंड लिहिला नाही तर गोंधळ उरतोच. संकेतस्थळावरील आवृत्तीत छापील पृष्ठक्रमांक नाहीत, म्हणून तिथे प्रकरण, उपविभाग व आकृती यांवरच भिस्त. निश्चित संदर्भ असा लिहावा : ‘खंड १, प्रकरण ३७, उपविभाग ३७-२ (गोळ्या), आकृती ३७-१, भाग ग; खंड ३ मध्ये आकृती १-१’.

मजकुरावरून आकृती ओळखता येते, पण पूर्ण परत मिळत नाही. एकच भोक उघडे असताना वक्राचे शिखर बंदूक आणि त्या भोकातून जाणाऱ्या सरळ रेषेवर येते, हे मजकुरातून कळते आणि ते काढताही येते. लाटांसाठी `I₁₂ = I₁ + I₂ + 2√(I₁I₂) cos δ` हे सूत्र असल्याने मध्यबिंदूवर, दोन्ही तीव्रता सारख्या असतील तर, उंची एका भोकाच्या चौपट येते. परंतु चित्रकाराने कडेला किती शिखरे काढली, अक्षावर मापे दिली का, हे सूत्रातून निघत नाही. शंका अशा तपशिलाची असेल, तर ‘आकृती न पाहता’ असे लिहून उत्तर तेवढ्यापुरते मोकळे ठेवावे आणि पुस्तकाची प्रत मिळवावी.