बु॥, त॥ आणि टिंब

आंबेगाव तालुक्यात अवसरी नावाची दोन गावे आहेत. एक अवसरी बुद्रुक आणि दुसरे अवसरी खुर्द. फार्सीतील ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर. त्याचे आपल्या लोकांनी ‘बुद्रुक’ केले. ‘खुर्द’ म्हणजे लहान. गावाच्या पाटीवर मात्र हे शब्द पुरे लिहिण्याचे कष्ट रंगारी सहसा घेत नाही. तो ‘अवसरी बु॥’ आणि ‘अवसरी खु॥’ असे लिहून मोकळा होतो. त्या दोन उभ्या रेघा पाहून पुष्कळांस श्लोकाच्या अखेरीची आठवण होते. परंतु त्यांचा श्लोकाशी काही संबंध नाही. ती मोडी दप्तरातील संक्षेपाची खूण होय. मोडी लिपी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली, तिचे वाचक बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि तिची ही एक खूण तेवढी गावच्या वेशीवर तग धरून राहिली.

ही खूण कोणत्या गरजेतून निघाली हे पाहण्याजोगे आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर ओळ आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची चाल नव्हती. लेखणीही होता होईल तो उचलावयाची नाही. अशा अखंड ओळीत ‘तर्फ’ या शब्दाबद्दल नुसता ‘त’ लिहिला, तर तो पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर होऊन बसावयाचा. म्हणून ‘त’पुढे दोन रेघा ओढल्या की एकाच वेळी दोन कामे होत: येथे शब्द तोडला आहे हे कळे, आणि पुढचा शब्द येथून सुरू होतो हेही कळे. म्हणजे आज छापखान्यात टिंब व मोकळी जागा अशी दोन साधने मिळून जे काम करतात, ते ही एकटी खूण करीत असे. तर्फेचा त॥, परगण्याचा प॥, प्रांताचा प्रा॥, निसबतीचा नि॥, गुजारतीचा गु॥ हे असे बनले. सगळेच संक्षेप या साच्यातले नव्हते. तारखेपूर्वी येणारा ‘छ’, म्हणजे चंद्र, कोणत्याही खुणेवाचून उभा असतो. पुढे लगेच अंक येत असल्यामुळे त्याला कुंपणाची गरजच नव्हती.

या खुणेस एक जुळी बहीण आहे, आणि घोटाळा तेथेच होतो. आपल्या जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ‘१॥’ म्हणजे दीड. तेव्हा अक्षरापुढील ॥ संक्षेप दाखविते आणि अंकापुढील ॥ अर्धा दाखविते. मोडी वाचणाऱ्याची यात कधी फसगत होत नसे. परंतु बाळबोधीत नक्कल करणाऱ्याची होते.

हे उदाहरणाने स्पष्ट करू. जुन्नर प्रांतात पिंपळगावे एकाहून अधिक; म्हणून प्रत्येकाला त्याच्या तर्फेचे नाव जोडलेले असे. तर्फ म्हणजे परगण्याचा किंवा प्रांताचा पोटविभाग. तो कारभार केव्हाच मोडला, पण पिंपळगाव तर्फे नारायणगाव जुन्नर तालुक्यात, आणि पिंपळगाव तर्फे घोडे व पिंपळगाव तर्फे महाळुंगे आंबेगाव तालुक्यात, अशी नावे अद्याप सरकारी यादीत आहेत. आता समजा, एखाद्या कागदात पुढील धर्तीची ओळ आहे: ‘मौजे पिंपळगाव त॥ घोडे प्रा॥ जुन्नर जमीन बिघे १२॥’. नकलनविसाने ही जुनाट खूण काढून सर्वत्र टिंब देण्याचे ठरविले, तर ओळ अशी होते: ‘मौजे पिंपळगाव त. घोडे प्रा. जुन्नर जमीन बिघे १२.’ पहिली दोन टिंबे चालतील. तिसऱ्याने अर्धा बिघा जमीन गिळली. आणि ती गेली हे कोणाच्या ध्यानातही यावयाचे नाही, कारण वाक्याच्या शेवटी टिंब असणे आता अगदी स्वाभाविक दिसते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म. ‘त.’ हा संक्षेप परिचयाचा नसल्यामुळे पुढचा लेखक तो सुधारून ‘ता.’ करतो. झाले! तर्फेचा तालुका बनला, आणि ‘घोडे’ नावाचा कधीच नसलेला तालुका यादीत शिरला. एखाद्याने उलट ‘त.’ अजिबात गाळला, तर आंबेगाव तालुक्यातील दोन पिंपळगावांतले कोणते, हे सांगण्यास त्या कागदात काहीच उरत नाही. जमिनीच्या वादात अशा ओळीचे मोल काय असते हे ज्याच्या घरात जुनी दप्तरे आहेत त्यास सांगावयास नको.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापावयास आरंभ केला. तेव्हापासून छापलेल्या जुन्या पत्रांत ॥ ही खूण पुष्कळदा तशीच ठेवलेली आढळते. माझ्या मते तेच योग्य. नकलेत मुळातली खूण राखावी. स्वतःच्या विवेचनात ‘तर्फ’, ‘बुद्रुक’ हे शब्द पुरे लिहावे. आणि जागेच्या अडचणीमुळे कोष्टकात संक्षेप करावाच लागला, तर टिंब आणि त्यापुढे एक मोकळी जागा हा एकच प्रकार अथपासून इतीपर्यंत चालवावा. एका पानावर ‘बु॥’, दुसऱ्यावर ‘बु.’, तिसऱ्यावर ‘बुद्रुक’ असे झाले, तर सूचीत एका गावाची तीन गावे होतात. संगणकाने यात भरच घातली आहे. ॥ हे चिन्ह कळफलकावर सापडले नाही की लोक दोन एकेरी दंड किंवा इंग्रजी अकराचा आकडा घालतात. कागदावर ती सारी सारखीच दिसतात. शोधणाऱ्या यंत्रास ती निराळी.

टिंबाचा विषय निघालाच आहे तर माणसांच्या नावांकडेही पाहावे. इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे एक वर्ण. मराठीत ते कान्यामात्रेसह, अनुस्वारासह व जोडाक्षरासह घ्यावयाचे असते. म्हणून त्र्यंबक शंकर शेजवलकर हे त्र्यं. शं. शेजवलकर होतात, आणि नरसिंह चिंतामण केळकर हे न. चिं. केळकर. येथील अनुस्वार गळाला की ‘चिं.’चे ‘चि.’ होते, म्हणजे चिंतामणाच्या जागी चिरंजीव येतात! श्रीधर व्यंकटेश केतकर आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या नावांत तर खरीच पंचाईत आहे. ‘श्री. कृ. कोल्हटकर’ यातील ‘श्री.’ आदरार्थी नाही. ते श्रीपादाचे आद्याक्षर आहे. हे न जाणणारा तो मान समजून काढून टाकतो आणि ‘कृ. कोल्हटकर’ एवढेच ठेवतो. आदरार्थी ‘श्री’ हा स्वतः पुरा शब्द आहे, तो कशाचा तोडलेला तुकडा नाही. त्यास टिंबाची गरज नाही. ते त्यास दिले नाही, तर ‘श्री श्री. कृ. कोल्हटकर’ असे लिहिता येते आणि कोणते ‘श्री’ कशाचे हे एका दृष्टिक्षेपात कळते. मात्र हा भेद तेव्हाच टिकतो, जेव्हा त्याच ग्रंथात इतरत्रही आदराच्या ‘श्री’पुढे टिंब पडलेले नसते. एका ठिकाणी जरी ते पडले, तरी वाचकास प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो.

मुद्रिते तपासताना मजकूर वाचीत वाचीत ही टिंबे पाहू गेल्यास ती निसटतात, कारण डोळा अर्थाच्या मागे धावत असतो. एकेक संक्षेप हाती घेऊन तेवढ्यासाठीच सर्व पाने चाळावी: प्रथम सगळे ‘त.’, मग सगळे ‘ता.’, मग ‘बु.’ व ‘खु.’. ओळीच्या शेवटी ‘त.’ येऊन ‘घोडे’ पुढच्या ओळीवर गेलेले दिसले, तर ते अवश्य एकत्र आणावे. तेथे टिंब वाक्य संपल्याचे भासते आणि पिंपळगाव पुन्हा आपल्या तर्फेपासून तुटते.