थर, मास्क आणि निवड (प्रतिमा संपादन)

थर, मास्क आणि निवड या संगणकावरील प्रतिमा संपादनातील तीन मूलभूत संकल्पना आहेत. संपादनाच्या आज्ञावल्यांमध्ये त्या लेअर, मास्क आणि सिलेक्शन या नावांनी दिसतात. प्रतिमेचे वेगवेगळे भाग स्वतंत्र ठेवून एकावर एक रचणे हे थराचे काम होय. एखाद्या थराचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकला जावा, हे मास्क ठरवतो. पुढची क्रिया प्रतिमेच्या कोणत्या भागावर व्हावी, हे निवडीने ठरते. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांची कल्पना केली असता या तिन्हींचे परस्परसंबंध समजण्यास सोपे जातात. मात्र ही उपमा काही मर्यादेपर्यंतच लागू पडते.

## पारदर्शक कागदांची चळत

एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर डोंगर रंगवलेला आहे, त्यावर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर झाड आहे आणि सर्वांत वरच्या पारदर्शक कागदावर माणूस आहे, असे मानू. वरून पाहणाऱ्यास एकच चित्र दिसते. माणसाचा कागद सरकवला तरी झाड आणि डोंगर जागच्या जागी राहतात. झाडाचा कागद माणसाच्या वर ठेवला, तर माणूस झाडामागे जातो. थरांची रचना नेमकी अशीच असते. थरांच्या यादीत जो वर, तो पाहणाऱ्याला जवळचा. ज्या ठिकाणी त्याच्यावर रंग नाही, तेथून खालचा थर दिसतो. बहुतेक आज्ञावल्यांत अशी रिकामी जागा करड्या-पांढऱ्या चौकड्यांनी दाखवली जाते. या चौकडी चित्राचा भाग नसतात.

ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. हाताने काढलेल्या चलच्चित्रांत पात्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवून ती एकाच स्थिर पार्श्वभूमीवर ठेवत आणि छायाचित्रे घेत. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील अर्ल हर्ड यांना १९१५ मध्ये मिळाले. संगणकीय चित्राच्या प्रत्येक बिंदूसोबत त्याची अपारदर्शकता साठवण्याची कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. या माहितीस अल्फा म्हणतात. ॲडोबी फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली.

## निवड : छापा

निवड हा कागद नव्हे, तर कागदावर काही काळापुरता ठेवलेला छापा आहे. रांगोळीच्या जाळीदार छाप्यावरून रंग पसरला असता तो केवळ भोकांतून खाली पडतो. छापा उचलल्यावर रंग राहतो, छापा मात्र राहत नाही. त्याचप्रमाणे निवड केल्यानंतर रंगवणे, पुसणे किंवा उजळ करणे या क्रिया निवडलेल्या भागापुरत्याच घडतात. निवड रद्द केली की मर्यादा संपते, झालेला बदल मात्र टिकतो. पडद्यावर निवडीची सीमा हलत्या तुटक रेषेने दाखवली जाते.

ही तुटक रेषा एका बाबतीत फसवी आहे. तिच्यावरून असे वाटते, की बिंदू एक तर आत असतो किंवा बाहेर. प्रत्यक्षात आठ बिटांच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदूची निवड ० ते २५५ या मापावर नोंदवली जाते. ० म्हणजे अजिबात निवडलेला नाही, २५५ म्हणजे पूर्ण निवडलेला, आणि १२८ म्हणजे सुमारे अर्धा निवडलेला. निवडीची कड मऊ केली असता कडेवरील बिंदूंना अशा मधल्या किमती मिळतात. तुटक रेषा साधारणपणे निम्म्या किमतीच्या जागी काढली जाते, त्यामुळे रेषेबाहेरही क्रियेचा थोडा परिणाम होतो.

## मास्क : थराला जोडलेला करडा कागद

मास्क म्हणजे एखाद्या थराला कायमचा जोडलेला काळा, पांढरा आणि करडा नकाशा. मास्क जेथे पांढरा असतो तेथे थर दिसतो, जेथे काळा असतो तेथे थर झाकला जातो, आणि करडा असतो तेथे थर अंशतः दिसतो. मास्कवर काळा रंग दिल्याने चित्रात काळा रंग येत नाही, तर त्या जागी वरचा कागद जणू नाहीसा होऊन खालचा दिसू लागतो.

खोडरबराने पुसणे आणि मास्कने झाकणे यांचा दिसणारा परिणाम सारखाच असतो. पुसलेला भाग मात्र कागदावरून जातो, तर मास्कखालील चित्र शाबूत राहते. मास्क पुन्हा पांढरा केला, की ते परत दिसते. म्हणून चुकीची कड सुधारण्याची शक्यता असलेल्या कामात मास्क वापरतात.

निवड आणि मास्क यांत साठवलेली माहिती एकाच जातीची असते. दोन्ही ० ते २५५ या किमतींचे नकाशेच आहेत. त्यामुळे निवडीवरून मास्क बनवता येतो आणि मास्कवरून निवड. फरक उपयोगाचा आहे. निवड पुढच्या क्रियेला मर्यादा घालते आणि नंतर निघून जाते, तर मास्क थराचे दिसणे ठरवतो आणि फाइलसोबत राहतो.

## उदाहरण : बुरुजामागील आकाश बदलणे

किल्ल्याच्या बुरुजाचे एक छायाचित्र आहे. त्यातील आकाश ढगाळ व पांढरट असून त्याजागी दुसऱ्या छायाचित्रातील निळे आकाश हवे आहे. गिम्प या मुक्त आज्ञावलीत हे काम पुढीलप्रमाणे होते.

1. बुरुजाचे छायाचित्र उघडून `File > Open as Layers` या आज्ञेने आकाशाचे छायाचित्र त्याच चित्रात आणावे. ते वरचा थर म्हणून येते. थरांच्या यादीत ते ओढून बुरुजाखाली न्यावे.
2. बुरुजाचा थर सक्रिय करून `Fuzzy Select` या साधनाने पांढरट आकाशावर टिचकी द्यावी. त्या बिंदूला लागून असलेले, मिळत्याजुळत्या रंगाचे बिंदू निवडले जातात.
3. आता आकाश निवडले गेले आहे, पण दिसायला हवा तो बुरूज. म्हणून `Select > Invert` ने निवड उलटावी आणि `Select > Feather` ने कड एक-दोन बिंदूंइतकी मऊ करावी.
4. `Layer > Mask > Add Layer Mask` ही आज्ञा देऊन `Selection` हा पर्याय निवडावा. बुरूज पांढरा आणि आकाश काळे असा मास्क तयार होतो व मागचे निळे आकाश दिसू लागते.
5. निवडीचे काम संपल्याने `Select > None` ने ती रद्द करावी. बुरुजाचा एखादा दगड नाहीसा झाला असेल, तर मास्कवर पांढऱ्या रंगाने तो परत आणावा. जुने आकाश उरले असेल, तर तेथे काळा रंग द्यावा.

काम गिम्पच्या `.xcf` स्वरूपात जतन केल्यास थर आणि मास्क वेगवेगळे राहतात. जेपेग स्वरूपात मात्र सर्व थर एकजीव होतात आणि त्या फाइलमधून ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

## कडेवरील पांढरी रेषा

वरील कृती नीट करूनही बुरुजाभोवती अनेकदा बारीक पांढरी रेषा उरते. तिचे कारण मास्क चुकीचा असणे हेच नसते. छायाचित्र घेतानाच कडेवरील एका बिंदूत थोडा दगड आणि थोडे आकाश मिसळलेले असते.

समजा, दगडाची उजळता ९०, जुन्या आकाशाची २४० आणि नव्या आकाशाची १२० आहे. निम्मा दगड व निम्मे जुने आकाश असलेल्या बिंदूची उजळता १६५ होते. मास्कने तो बिंदू अर्धा दाखवला, तर परिणाम असा :

```
१६५ × ०.५ + १२० × ०.५ = १४२.५
```

प्रत्यक्षात तेथे अर्धा दगड आणि अर्धे नवे आकाश, म्हणजे १०५ इतकी उजळता हवी होती. आलेली किंमत दगड आणि नवे आकाश या दोहोंहून अधिक असल्याने तेथे उजळ रेषा उमटते. म्हणजे कागद बरोबर कापला, तरी त्याच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा रंग चिकटलेलाच असतो. हे गणित समजण्यासाठी सोपे केलेले आहे. काही आज्ञावल्या प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात हिशेब करतात व त्यांची किंमत थोडी वेगळी येते.

असा दोष ओळखण्यासाठी कापलेल्या थराखाली तात्पुरता एकरंगी गडद थर ठेवतात. त्यावर पांढरी कड लगेच उठून दिसते. मास्क करण्यापूर्वी `Select > Shrink` ने निवड एका बिंदूने आत घेतल्यास दूषित बिंदूंचा बराचसा भाग झाकला जातो. केस, गवत किंवा झाडाची पाने यांसारख्या बारीक आकारांत हा उपाय अपुरा पडतो, कारण तेथे जवळजवळ प्रत्येक बिंदू मिश्रच असतो.

## नेहमीच्या अडचणी

* चित्रावर काळा डाग उमटतो. मास्कऐवजी थर सक्रिय असल्याचे हे लक्षण आहे. थरांच्या यादीत चित्राचे व मास्कचे लघुचित्र शेजारी असतात. रंगवण्यापूर्वी मास्कच्या लघुचित्रावर टिचकी द्यावी लागते.
* कुंचला चालतच नाही. बहुधा एखादी जुनी निवड चित्राच्या दुसऱ्या भागात शिल्लक असते. निवड रद्द केल्यावर कुंचला पुन्हा चालतो.
* पुसल्यावर खालचा थर न दिसता एकच सपाट रंग दिसतो. त्या थराला अल्फा नसतो, म्हणजे तो पारदर्शक कागद नसून पुठ्ठा असतो. `Layer > Transparency > Add Alpha Channel` ने तो पारदर्शक होण्याजोगा होतो.

## उपमेच्या मर्यादा

खरे पारदर्शक कागद कितीही स्वच्छ असले, तरी त्यांची चळत वाढत गेली की खालचे चित्र मंद होते. संगणकातील रिकामा थर खालच्या रंगात काहीच बदल करत नाही. तसेच थरांच्या सामान्य मिश्रणात वरचा रंग अपारदर्शक ऑइलपेंटप्रमाणे खालचा रंग झाकतो. रंगीत जिलेटिन कागद असे वागत नाही. तो खालून येणारा प्रकाश गाळतो आणि एकावर एक ठेवलेले रंग अधिक गडद होतात. हा परिणाम संगणकावर `Multiply` या मिश्रणप्रकाराने मिळतो. त्यात दोन उजळतांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागतात. उदाहरणार्थ, २०० आणि ८० यांपासून सुमारे ६३ ही किंमत येते. म्हणून कागदांच्या उपमेने थरांचा क्रम, झाकणे आणि दिसणे समजते. रंगांचे मिश्रण समजण्यासाठी मात्र तो कागद रंगाने लेपलेला आहे की स्वतःच रंगीत आहे, हे आधी ठरवावे लागते.