तळटीप: कीबोर्ड शिकतो तेव्हा काय फोनवर राहते
* गूगलने २०१७ मध्ये जीबोर्डसाठी ‘फेडरेटेड लर्निंग’ जाहीर केले. समजा, अंबडची एखादी बाई मराठीत लिहिते, ‘टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या’. या पद्धतीत तिचा मजकूर फोनवरच राहतो. फोन कीबोर्डच्या मॉडेलची प्रत स्वतःवर शिकवतो आणि फक्त बदललेले आकडे सर्व्हरकडे पाठवतो. म्हणजे मजकुराचा साठा एका ठिकाणी तयार होत नाही. पण संरक्षण एवढेच आहे. त्या आकड्यांवरून मूळ शब्द काढता येतात, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले. शिवाय दुर्मीळ वाक्य तयार मॉडेललाच पाठ होऊ शकते.

ही दुसरी गळती थांबवते ती ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’. प्रत्येक फोनच्या बदलाची लांबी ठरावीक मर्यादेवर छाटतात आणि सगळ्यांच्या बेरजेत मोजून यादृच्छिक गोंगाट मिसळतात. त्यामुळे ती बाई सामील असो वा नसो, मॉडेल जवळपास सारखेच निघते. गोंगाट सर्व्हरवर मिसळला जात असेल, तर सर्व्हरवर विश्वास ठेवावाच लागतो. तोच गोंगाट १०,००० फोनांच्या सरासरीपेक्षा १०० फोनांच्या सरासरीत शंभरपट जाणवतो. म्हणून फक्त जालना जिल्ह्यातल्या थोड्या फोनांवर वेगळे मॉडेल नीट शिकणे अवघड. हजारो लोकांची बोली मात्र मॉडेल शिकतेच, कारण हमी एकेका व्यक्तीपुरती आहे. मॉडेलचे पाठांतर थांबले का, हे तपासायचे तर काही फोनांत बनावट वाक्य पेरतात आणि त्याचे पहिले शब्द दिल्यावर मॉडेल उरलेले पुरे करते का, ते पाहतात. — सं.