ध्वनिगुणवत्ता पर्याय (संगीत प्रवाह सेवा)

ध्वनिगुणवत्ता पर्याय म्हणजे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक यांसारख्या संगीत प्रवाह सेवांच्या ॲपमधील अशी मांडणी, जिच्याद्वारे ऐकणारा गाण्याची कोणती आवृत्ती आपल्या उपकरणावर यावी हे ठरवतो. हे पर्याय सामान्यतः ‘नॉर्मल’, ‘हाय’, ‘व्हेरी हाय’ आणि ‘लॉसलेस’ अशा नावांनी दर्शवले जातात. या पर्यायांमधील मूळ फरक बिटदराचा, म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीसाठी किती बिट माहिती पाठवली जाते याचा असतो. मोबाइल डेटाचा वापरही त्यावरच ठरतो. गाणे शास्त्रीय असो वा चित्रपटातील, ९६ केबीपीएस दराने पाठवलेला एक तास साधारणतः सारखाच डेटा घेतो. लॉसलेसच्या बाबतीत मात्र तसे नसते.

बिटदर आणि डेटा यांचा हिशेब

बिटदर किलोबिट प्रति सेकंद (केबीपीएस) या एककात सांगितला जातो, तर मोबाइलचा डेटा बाइटमध्ये मोजला जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे बिटदराला आठाने भागून तासाच्या ३,६०० सेकंदांनी गुणले की एका तासाचा वापर निघतो. स्पॉटिफायच्या ‘नॉर्मल’ पर्यायाचा दर सुमारे ९६ केबीपीएस आहे, म्हणजे तासाला सुमारे ४३ एमबी. ‘हाय’साठी (१६० केबीपीएस) हा आकडा ७२ एमबी आणि ‘व्हेरी हाय’साठी (३२० केबीपीएस) १४४ एमबी होतो.

पर्यायांच्या नावांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. स्पॉटिफायमध्ये ‘हाय’ म्हणजे १६० केबीपीएस, तर यूट्यूब म्युझिकमध्ये त्याच नावाचा पर्याय २५६ केबीपीएसपर्यंत जातो. शिवाय बिटदर सारखा असला तरी संकोचनाची पद्धत वेगळी असेल तर ऐकू येणारा परिणाम वेगळा असू शकतो. एएसी ही पद्धत कमी बिटदरावर जुन्या एमपी३पेक्षा सरस ठरते. म्हणून दोन सेवांची तुलना नावांवरून करणे फसवे आहे.

लॉसी आणि लॉसलेस

कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असून डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात. यांचा गुणाकार सुमारे १,४११ केबीपीएस येतो. लॉसलेस वगळता वरील सर्व पर्याय ‘लॉसी’ संकोचन वापरतात. त्यात मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज किंवा कानाला जवळजवळ न जाणवणारी उच्च कंप्रता यांसारखे तपशील कमी अचूकतेने नोंदवले जातात किंवा गाळले जातात. गाळलेला भाग परत मिळवता येत नाही.

लॉसलेस पद्धतीत (उदा. एफएलएसी किंवा ॲपलची एएलएसी) काहीच गाळले जात नाही. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजातील चूक तेवढी साठवली जाते. अंदाज जितका बरोबर, तितकी फाइल लहान. त्यामुळे शांत, एकल वाद्याचे ध्वनिमुद्रण चांगले आक्रसते. सतत मोठ्या आवाजातील वाद्यमेळाचे कमी आक्रसते. जुने एकवाहिनी ध्वनिमुद्रण दोन वाहिन्यांत ठेवलेले असल्यास दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात, म्हणून दुसऱ्या बाजूचा खर्च जवळजवळ शून्य होतो. याउलट ग्रामोफोन तबकडीची खरखर ही यादृच्छिक असल्याने तिचा अंदाज बांधता येत नाही, आणि ती जतन करण्यासाठी बराच डेटा खर्ची पडतो.

या कारणाने लॉसलेसचा तासाचा आकडा ठाम सांगता येत नाही. सीडीच्या दर्जाचे संगीत बहुधा मूळ आकाराच्या ५० ते ७० टक्क्यांवर येते, म्हणजे तासाला साधारण ३२० ते ४४५ एमबी. ॲपलने दिलेल्या अंदाजानुसार तीन मिनिटांचे गाणे २५६ केबीपीएसला ६ एमबी, २४ बिट/४८ किलोहर्ट्झ लॉसलेसमध्ये ३६ एमबी आणि २४ बिट/१९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेस लॉसलेस’मध्ये १४५ एमबी घेते. शेवटच्या दराने तासाला जवळपास २.९ जीबी डेटा लागतो.

दैनिक मर्यादेतील उदाहरण

भारतातील अनेक प्रीपेड योजनांत रोज १.५ जीबी डेटा मिळतो आणि तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरवला जातो. जाण्यायेण्याच्या प्रवासात रोज चार तास संगीत ऐकणाऱ्या प्रवाशाचा विचार केल्यास, ९६ केबीपीएसला दिवसाकाठी सुमारे १७३ एमबी आणि ३२० केबीपीएसला ५७६ एमबी लागतात. सीडी दर्जाच्या लॉसलेसला तासाला ४०० एमबी धरल्यास कोटा परतीच्या प्रवासातच संपतो, घर येण्याच्या पाव तास आधी. २४ बिट/४८ किलोहर्ट्झला तर तो दोन तासांच्या आसपास, सकाळचा प्रवास होता होता संपतो. दिवसभरातील संदेश आणि चित्रफितींचा खर्च यात धरलेला नाही.

कोटा संपल्यावर ‘नॉर्मल’ पर्यायही निभत नाही, कारण ९६ केबीपीएसचा प्रवाह ६४ केबीपीएसच्या वाटेतून जाऊ शकत नाही. चार मिनिटांचे गाणे उतरायला सहा मिनिटे लागतात आणि ते अधूनमधून थांबते. अशा वेळी स्पॉटिफायचा सुमारे २४ केबीपीएसचा ‘लो’ पर्यायच अखंड चालू शकतो. गाणे अडखळत असल्यास दोष नेटवर्कचा की संपलेल्या कोट्याचा, हे ‘लो’ निवडून पाहिल्यास बरेचसे उमगते.

ब्लूटूथची मर्यादा

लॉसलेससाठी खर्च केलेला डेटा कानापर्यंत पोहोचतोच असे नाही. ब्लूटूथ हेडफोनकडे ध्वनी पाठवताना फोन त्याचे पुन्हा लॉसी संकोचन करतो. सर्वत्र आढळणाऱ्या एसबीसी पद्धतीचा नेहमीचा उच्च दर ३२८ केबीपीएस आहे, आणि सोनीच्या एलडीएसीची कमाल ९९० केबीपीएसही सीडीच्या दरापेक्षा कमीच आहे. ॲपटीएक्स लॉसलेससारखे अपवाद आहेत, परंतु त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्हींचा पाठिंबा लागतो. एरवी लॉसलेससाठी तारेचे हेडफोन आवश्यक असतात. २४ बिट/४८ किलोहर्ट्झच्या पुढील दर्जासाठी ॲपल बाह्य डिजिटल-ॲनालॉग रूपांतरकही वापरण्यास सांगते.

मांडणीतील बारकावे

बहुतेक ॲपमध्ये वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांसाठी गुणवत्ता स्वतंत्रपणे ठरवता येते. घरच्या वाय-फायवर गाणी उतरवून ठेवल्यास ती प्रवासात ऐकताना मोबाइल डेटा जवळजवळ लागत नाही. मात्र डाउनलोडचा पर्याय बदलल्याने आधी उतरवलेली गाणी सहसा आपोआप बदलत नाहीत. ती काढून पुन्हा उतरवावी लागतात. ‘ऑटोमॅटिक’ पर्याय नेटवर्कचा वेग पाहून दर्जा ठरवतो, शिल्लक कोटा पाहून नव्हे, त्यामुळे चांगल्या ४जी वा ५जी जोडणीवर तो वरचा दर निवडू शकतो. प्रत्यक्ष खर्च फोनच्या सेटिंग्जमधील ॲपनिहाय डेटा वापराच्या नोंदीत दिसतो. गाणी अर्धवट सोडून पुढे जाण्याची सवय असल्यास ही नोंद वरील हिशेबापेक्षा जास्त भरते, कारण ॲप गाण्याचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवते.